वर्धमान शिष्यवृत्तीचा हिशेब : धर्मादाय आयुक्तांस खुले पत्र

मा. धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांचे सेवेशी



आपल्या दफ्तरी ज्या सहस्रावधी सार्वजनिक न्यासांची नोंद आहे, त्यांपैकी पुष्कळांच्या ताळेबंदात कोणा दिवंगत गृहस्थाच्या किंवा साध्वीच्या नावाने ठेवलेला एखादा शिष्यवृत्ति-निधी आढळतो, आणि त्या निधीची कथा बहुधा एकाच वळणाने जाते. पन्नास वर्षांपूर्वी पाच हजार रुपये ही रक्कम लहान नव्हती. तिच्या व्याजातून एका विद्यार्थ्याचे वर्षाचे शुल्क आणि पुस्तके सहज निघत. आज तेच पाच हजार बँकेत सात टक्क्यांनी पडून आहेत, त्यांचे साडेतीनशे रुपये होतात, आणि वार्षिक समारंभात ते एका लिफाफ्यातून एका मुलीच्या हाती देण्यात येतात. दात्याचा शब्द मोडला असे म्हणता येत नाही, कारण मुद्दलास कोणी हात लावलेला नाही. विश्वस्तांनी कसूर केली असेही म्हणता येत नाही, कारण व्याज वर्षानुवर्षे बिनचूक वाटले गेले आहे. आणि तरीही ज्या हेतूने निधी ठेवला तो हेतू केव्हाच निर्वाण पावला आहे. हा दोष कोणा व्यक्तीचा नसून मूळ दानपत्र लिहिताना केलेल्या गणिताचा आहे, आणि त्या गणिताविषयीच हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे.

मानाची गोष्ट निराळी. चिंतामणराव देशमुखांनी 1912 साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि त्या नावाभोवतीचे तेज आजही मावळलेले नाही. रक्कम काही का असेना, असे पारितोषिक आयुष्यभर मिरवावे असेच असते. परंतु बहुसंख्य शिष्यवृत्त्या मानासाठी नसून शुल्कासाठी असतात, आणि शुल्क प्रतिवर्षी वाढते. म्हणून शिष्यवृत्तीही प्रतिवर्षी वाढली पाहिजे, आणि ती वाढती राहावी म्हणून आज किती रक्कम बाजूस काढावी लागेल, हाच खरा प्रश्न आहे.

आपल्या पूर्वजांना ही अडचण एका अर्थाने ठाऊकच होती, असे जुन्या सनदा वाचताना वाटते. 'आचंद्रार्क' चालावे म्हणून जे दान दिले जाई, ते पुष्कळदा जमिनीचे असे. धान्याचा भाव चढला की इनामाचे उत्पन्नही आपोआप चढे. रोख नेमणुकीस मात्र हे भाग्य लाभत नाही. अवधच्या नबाबांच्या घराण्याने ईस्ट इंडिया कंपनीस दिलेल्या रकमांवरील व्याज 'वसिका' या नावाने त्यांच्या वंशजांना लखनौ येथे अद्यापि मिळते. परंतु वाटेकरी वाढत गेले आणि एकंदर रक्कम रुपयांत गोठून राहिली, त्यामुळे कित्येकांच्या वाट्यास आज मोजके रुपयेच येतात. शाश्वत वर्षासन केवळ कालाने शाश्वत असून भागत नाही. ते मोलानेही टिकावयाचे असेल तर त्यात वाढीची तरतूद आरंभापासूनच असावी लागते.

ती तरतूद कशी करावी, हे समजण्यास गणिताचे विशेष ज्ञान लागत नाही. शिष्यवृत्ती दरसाल ज्या दराने वाढवावयाची, त्याच दराने मूळ निधीही वाढला पाहिजे; नाहीतर एक ना एक दिवस शिष्यवृत्ती निधीच्या पुढे पळून जाईल. निधीवर व्याज येते ते समजा शेकडा आठ, आणि वाढ हवी शेकडा सहा, तर आलेल्या आठांपैकी सहा भाग निधीतच परत गेले पाहिजेत आणि उरलेले दोन भागच वाटता येतील. म्हणजे पहिली शिष्यवृत्ती ही निधीच्या शेकडा दोन एवढीच असू शकते. हाच विचार उलटा मांडला की वर्धमान शाश्वत वर्षासनाचे वर्तमान मूल्य काढण्याचा सर्वमान्य नियम हाती येतो :

आवश्यक निधी = पहिली शिष्यवृत्ती ÷ (व्याजाचा दर − वाढीचा दर)

पहिली शिष्यवृत्ती निधी ठेवल्यापासून एक वर्षाने द्यावयाची, हे या नियमात गृहीत आहे. समजा एका दात्यास वर्षाला पन्नास हजारांची शिष्यवृत्ती ठेवावयाची आहे. रूढ शिरस्ता असा की पन्नास हजारांस आठ टक्क्यांनी भागावे आणि सव्वासहा लाख रुपये घ्यावे. या सव्वासहा लाखांतून पन्नास हजार रुपये निरंतर मिळतील, हे खरे. परंतु पन्नास हजारांच्या वर एक पैसाही कधी मिळणार नाही. शिष्यवृत्ती दरसाल सहा टक्क्यांनी वाढती हवी असेल तर भागाकार आठाने नव्हे, दोनाने करावयाचा, आणि उत्तर येते पंचवीस लाख. दात्यास हा आकडा सांगताना संस्थाचालकांची जीभ अडखळते हे मी जाणतो. परंतु शब्द पाळावयाचा तर त्याची किंमत चौपट आहे, हे दानाच्या दिवशीच सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे नाही काय?

पंचवीस लाखांची खतावणी दोन वर्षे लिहून पाहिली म्हणजे नियमाविषयीची शंका फिटते. पहिल्या वर्षअखेर व्याज आले दोन लाख. त्यातून पन्नास हजार शिष्यवृत्ती दिली, दीड लाख निधीत जमा केले, आणि निधी झाला साडेसव्वीस लाख. दुसऱ्या वर्षी व्याज आले 2,12,000. शिष्यवृत्ती दिली 53,000. उरलेले 1,59,000 निधीत गेले आणि निधी झाला 28,09,000. तिसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती 56,180 होईल. निधी आणि शिष्यवृत्ती यांचे प्रमाण जसेच्या तसे राहते, आणि व्याजाचा दर व वाढीचा दर बदलले नाहीत तर ते पुढेही तसेच राहील.

येथे एक बारीकशी चूक वारंवार होते, म्हणून तिचा उल्लेख करतो. दात्याची स्वाभाविक इच्छा अशी असते की निधी सुपूर्त करण्याच्या समारंभातच पहिली शिष्यवृत्ती दिली जावी. तसे करावयाचे तर आजचे पन्नास हजार वेगळे काढावे लागतात आणि वर्षअखेरची पहिली शिष्यवृत्ती 53,000 धरून तिच्यासाठी साडेसव्वीस लाखांचा निधी लागतो. एकूण बेरीज सत्तावीस लाख होते. केवळ पन्नास हजार अधिक घेऊन हा समारंभ उरकला, तर निधी पहिल्याच दिवशी दीड लाखाने तुटीत जातो, आणि ही तूट कोणत्याही एका वर्षाच्या हिशेबात दिसून येत नाही.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, त्याकडे वळतो. वरील भागाकारात भाजक आहे तो दोन दरांतील अंतराचा. व्याज आठ आणि वाढ सहा असो, किंवा व्याज दहा आणि वाढ आठ असो, उत्तर तेच पंचवीस लाख. परंतु अंतर थोडे जरी हलले तरी उत्तर प्रचंड हलते. वाढ सहाच ठेवून व्याज साडेसात धरले तर लागणारी रक्कम सुमारे तेहतीस लाख तेहतीस हजार. व्याज सात धरले तर पन्नास लाख. आणि व्याज नऊ धरण्याचे औदार्य दाखविले तर अवघे सोळा लाख सदुसष्ट हजार. एका टक्क्याच्या आशावादाने दात्याचे आठ लाख वाचल्यासारखे दिसतात, आणि एका टक्क्याच्या घसरणीने निधी निम्म्यावर अपुरा पडतो. म्हणून हे दोन दर कोठून आणले, हे लिहून ठेवल्यावाचून उत्तराला अर्थ नाही. व्याजाचा दर हा आजच्या ठेवीच्या पावतीवरचा नसून, सर्व खर्च वजा जाता दीर्घ काळ मिळण्याची रास्त अपेक्षा असलेला दर असला पाहिजे. आणि वाढीचा दर हा सर्वसाधारण महागाईचा नसून ज्या शुल्कासाठी शिष्यवृत्ती ठेवली त्या शुल्काच्या वाढीचा असला पाहिजे. वैद्यकीय किंवा तंत्रशिक्षणाचे शुल्क आणि शाळेची वह्या-पुस्तके यांची वाढ एका मापाने मोजून चालणार नाही.

आणि वाढीचा दर व्याजाच्या दरास गाठील किंवा त्याच्या पुढे जाईल, तेव्हा काय? ठेवीवर सात टक्के मिळतात आणि शुल्क आठ टक्क्यांनी वाढते, अशी स्थिती मुळीच दुर्मीळ नाही. अशा वेळी वरील नियमात आकडे घातले तर उत्तर ऋण येते, आणि काही जण त्याचा काहीतरी अर्थ लावण्याचा यत्न करतात. परंतु त्याचा अर्थ इतकाच की नियमाची सीमा ओलांडली गेली आहे. कितीही मोठी रक्कम ठेवली तरी त्या वाढीने ती शिष्यवृत्ती अनंत काळ देता येणार नाही, आणि अशा वेळी 'कायम' हा शब्द दानपत्रात लिहिणे म्हणजे जे पाळता येणार नाही असे वचन देणे होय.

याचा अर्थ दात्यास विन्मुख परत पाठवावे असा नाही. मुदत ठरवली की हिशेब पुन्हा शक्य होतो. पंचवीस वर्षांच्या वर्धमान शिष्यवृत्तीचे मूल्य काढावयाचे तर आजपासून चालणाऱ्या शाश्वत वर्षासनातून, पंचवीस वर्षांनंतर सुरू होणाऱ्या शाश्वत वर्षासनाचे आजचे मूल्य वजा करावयाचे. या वजाबाकीतून जे सूत्र निघते ते असे की शाश्वत मूल्यास एका अपूर्णांकाने गुणावे, आणि तो अपूर्णांक म्हणजे एकातून (1 + वाढीचा दर) ÷ (1 + व्याजाचा दर) या भागाकाराचा मुदतीइतका घात वजा करून आलेली संख्या. वाढ व्याजाहून अधिक असली तरी हे सूत्र मोडत नाही, कारण त्यातील दोन्ही अवयव एकाच वेळी ऋण होतात आणि गुणाकार धन राहतो. पहिली शिष्यवृत्ती पन्नास हजार, व्याज सात, वाढ आठ आणि मुदत पंचवीस वर्षे धरली तर सुमारे तेरा लाख नऊ हजार रुपये पुरतात. आणि त्यातून शेवटच्या, म्हणजे पंचविसाव्या वर्षी द्यावयाची शिष्यवृत्ती सुमारे तीन लाख सतरा हजारांची असते. दोन्ही दर नेमके समान असले तर सूत्रात शून्याने भागण्याचा प्रसंग येतो. तेव्हा मात्र सरळ मार्ग असा की पहिल्या शिष्यवृत्तीस वर्षांच्या संख्येने गुणावे आणि एका वर्षाच्या व्याजाने सवलत द्यावी : दोन्हीकडे सात टक्के असता पंचवीस वर्षांस सुमारे अकरा लाख अडुसष्ट हजार. जो दाता पंचवीस लाख देऊ शकत नाही, त्याच्यापुढे सव्वासहा लाखांची कायमची पण क्षीण होत जाणारी शिष्यवृत्ती ठेवण्यापेक्षा तेरा लाखांची पंचवीस वर्षांची सकस शिष्यवृत्ती ठेवणे मला अधिक योग्य वाटते. एका पिढीच्या पंचवीस विद्यार्थ्यांचे शिक्षण पुरे व्हावे, आणि पुढच्या पिढीची चिंता पुढच्या पिढीतील दात्यांनी वाहावी, यात कमीपणा कोणता?

निवृत्तिवेतनासही हाच मुदतीचा हिशेब लागू पडतो. एखादी खाजगी संस्था आपल्या सेवकाच्या पश्चात त्याच्या पत्नीस वर्षाला एक लाख वीस हजार रुपये वीस वर्षे देण्याचे ठरवते. रक्कम स्थिर ठेवली तर आठ टक्के व्याजाने आज सुमारे अकरा लाख अठ्ठ्याहत्तर हजार बाजूस काढावे लागतात. दरसाल सहा टक्के वाढ दिली तर सुमारे अठरा लाख एकाहत्तर हजार. फरकाचे हे सुमारे सात लाख म्हणजे महागाईपासून त्या विधवेचे रक्षण करण्याची किंमत होय, आणि ती कोणीतरी भरतेच; संस्थेने भरली नाही तर ती बाई भरते. शासकीय निवृत्तिवेतनधारकास महागाई भत्ता मिळतो; कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 हिच्यातील किमान निवृत्तिवेतन 2014 साली महिना एक हजार रुपये ठरले, आणि या योजनेतील निवृत्तिवेतनास महागाईशी जोडणारी तरतूद नाही. या दोन वचनांतील भेद शेवटी वाढीच्या दराचा आहे.

आता आपल्या अधिकारक्षेत्रातील एका अडथळ्याविषयी. वरच्या खतावणीत दोन लाखांच्या व्याजापैकी दीड लाख निधीत परत गेले, हे आपल्या ध्यानात असेलच. परंतु धर्मादाय न्यासाने आपल्या उत्पन्नाचा शेकडा पंच्याऐंशी भाग हेतूप्रीत्यर्थ खर्च करावा आणि पंधरा भागच विनाअट राखून ठेवावा, अशी आयकराच्या कायद्यातील सवलतीची अट आहे. केवळ शिष्यवृत्तीसाठीच स्थापन झालेल्या न्यासाने ही अट अक्षरशः पाळली तर दोन लाखांतून त्यास तीसच हजार राखता येतात, म्हणजे निधीची वाढ होते शेकडा एक पूर्णांक दोन. पहिल्या वर्षी एक लाख सत्तर हजार वाटता आल्याचा आनंद होतो खरा. पण शुल्क सहा टक्क्यांनी वाढत राहिले तर बारा वर्षांत ते दुप्पट होते, आणि निधी व शिष्यवृत्ती त्याच काळात जेमतेम पंधरा टक्क्यांनी वाढतात. विशिष्ट प्रयोजन कळवून पाच वर्षांपर्यंत अधिक रक्कम साठविण्याची मुभा आहे, परंतु ती रक्कम त्या मुदतीत खर्चावीच लागते. तिने निधीची कायमची वाढ साधत नाही.

यातून मार्ग आहे, आणि तो पुरेसा ज्ञात नाही. पंच्याऐंशी टक्क्यांची अट न्यासाच्या एकूण उत्पन्नास लागते, त्यातील एकेका निधीस नव्हे. ज्या शिक्षणसंस्थेचे वेतन, इमारत, ग्रंथालय यांवरील खर्चच एकूण उत्पन्नाच्या पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक आहे, तिच्या पोटात शिष्यवृत्ति-निधी ठेवला तर त्या निधीचे तीन-चतुर्थांश व्याज त्याच्याच खाती जमा करण्यास ही अट आड येत नाही. म्हणून लहान दात्याने स्वतंत्र न्यास काढण्याच्या मोहात न पडता चालत्या संस्थेत निधी ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्या निधीची खतावणी निराळी राहिली पाहिजे. नाहीतर राखून ठेवलेले व्याज संस्थेच्या सामान्य खर्चात विरघळून जाते आणि दहा वर्षांनी कोणास काही सांगता येत नाही.

निधी वाटेत अपुरा पडू लागला हे ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. दरवर्षी मार्चअखेर पुढच्या शिष्यवृत्तीस दोन दरांतील अंतराने भागावे आणि येणारी रक्कम प्रत्यक्ष शिलकेशी ताडून पाहावी. आपल्या उदाहरणात दुसऱ्या वर्षअखेर शिल्लक आहे 28,09,000, पुढची शिष्यवृत्ती 56,180. अशा वेळी ठेवींचे नूतनीकरण आठाऐवजी सात टक्क्यांनी झाले, तर आवश्यक निधी होतो 56,18,000, म्हणजे शिलकेच्या नेमका दुप्पट. आता विश्वस्तांपुढे दोन वाटा आहेत. शिष्यवृत्ती निम्म्यावर आणून वाढ सहा टक्के राखावी, किंवा शिष्यवृत्ती तेवढीच देऊन वाढीचा दर पाचावर आणावा. दुसऱ्या वाटेने दरांतील अंतर पुन्हा दोन होते आणि शिल्लक तंतोतंत पुरते. मी दुसरी वाट पसंत करीन, कारण विद्यार्थ्याच्या हातातील रक्कम एकाएकी अर्धी करणे क्रूरपणाचे आहे. परंतु कोणतीही निवड केली तरी ती ठरावाने, दिनांकासह आणि कारणासह नोंदली जावी. शिष्यवृत्ती पूर्ववत देत राहून व्याज राखून ठेवण्याचे मुकाट्याने बंद करणे, ही जी तिसरी वाट सर्वत्र चोखाळली जाते, तिनेच हे निधी आजच्या अवस्थेस आले आहेत.

आपणाकडे माझी प्रार्थना मोठी नाही. न्यासांच्या ताळेबंदाच्या विहित नमुन्यात विश्वस्त निधी आणि त्याखाली अन्य निर्धारित निधी यांची नोंद आधीच होते. त्यांपैकी प्रत्येक शिष्यवृत्ति-निधीसोबत एक पुरवणी तक्ता मागवावा : पहिली शिष्यवृत्ती किती व केव्हा, वाढीचा दर कोणता व तो कशावरून घेतला, व्याजाचा दर कोणता धरला, मुदत कायमची की ठरावीक, यंदा निधीत किती व्याज परत गेले, आणि आवश्यक निधी व प्रत्यक्ष शिल्लक यांत अंतर किती. लेखापरीक्षकास यास अर्धा तासही लागणार नाही. त्याचबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 35 अन्वये गुंतवणुकीविषयी जे अधिकार आपणांस आहेत, त्यांस अनुसरून अशा निधींना दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांकडे वळण्याचे मार्गदर्शन करावे. एकेक वर्षाच्या ठेवी वारंवार नव्या कराव्या लागल्याने व्याजाचा दर जो दरसाल हेलकावे खातो, तो त्यामुळे पुष्कळ अंशी स्थिरावेल.

आणि जे निधी आजच साडेतीनशे रुपयांवर येऊन ठेपले आहेत, त्यांच्या विश्वस्तांना त्यांचे एकत्रीकरण करण्याचा किंवा मुदत ठरवून मुद्दलासह ते सार्थकी लावण्याचा रीतसर अर्ज आपल्याकडे करता यावा, त्याचा एक सुटसुटीत नमुना आपल्या कार्यालयाने प्रसिद्ध करावा, आणि अशा अर्जांचा निकाल येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभापूर्वी लागावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

कळावे.

आपला नम्र,
एका शिक्षणसंस्थेचा निवृत्त हिशेबनीस